कचकड्याची डबी, काठी आणि चाळिशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून ट्रंका आणि फडताळे रिकामी होऊ लागली की तपकिरीची डबी, मुठीची काठी आणि गोल काचांची चाळिशी या तीन वस्तू हमखास बाहेर पडतात. त्यांच्याबद्दल येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. मागाहून आलेल्या प्रश्नाचे उत्तर आधीच्या उत्तरात आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या घरच्या जुन्या यादीत "कचकड्याची डबी" असे लिहिले आहे. कचकडे म्हणजे नक्की काय?

हा शब्दच निम्म्या घोटाळ्याचे मूळ आहे. कचकडे म्हणजे मूळचे कासवाच्या पाठीचे कवच, आणि तेही वाटेल त्या कासवाचे नव्हे. डब्या, फण्या आणि चष्म्यांसाठी वापरले जाई ते एका विशिष्ट समुद्री कासवाचे, पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांचे, पातळ आणि पारदर्शक कवच. पुढे सेल्युलॉइड बाजारात आले आणि ते दिसायला तसेच, वजनाला हलके आणि किमतीने कितीतरी स्वस्त असल्यामुळे त्यालाही लोक कचकडेच म्हणू लागले. कचकड्याच्या बाहुलीशी आपल्यापैकी कोणाच्या आजीने कासवाच्या कवचाची बाहुली म्हणून खेळ मांडला नव्हता. ती सेल्युलॉइडची बाहुली होती. याशिवाय घासूनपुसून चमकवलेल्या शिंगालाही घरगुती बोलण्यात हाच शब्द लागतो. म्हणजे यादीतल्या एका शब्दामागे तीन पदार्थ असू शकतात, आणि त्यांतला कोणता हे कळल्याशिवाय काळाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, कारण शिंग आणि कवच शेकडो वर्षे वापरात आहेत, तर सेल्युलॉइडला जन्मतारीख आहे (प्रश्न ७ पाहा).

२. मग शिंग, कासवाचे कवच आणि सेल्युलॉइड घरच्या घरी कसे ओळखायचे?

यासाठी तीन गोष्टी लागतात : घड्याळजी वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोबाइलचा दिवा आणि थोडा धीर. वस्तू कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्यावी, दिवा तिच्या मागे धरावा आणि समोरून भिंगातून पाहावे. चष्म्याची फ्रेम किंवा पातळ झाकण असेल तर उजेड आरपार येतो. जाड मूठ असेल तर तिच्या कडेपाशी, जिथे पदार्थ पातळ असतो तिथे पाहावे.

कासवाच्या कवचात गडद डाग असतात, आणि हे डाग भिंगाखाली फुटतात. म्हणजे जो डाग नुसत्या डोळ्यांना एकसंध तपकिरी दिसत होता, तो प्रत्यक्षात बारीक तपकिरी कणांची गर्दी असल्याचे दिसते. डागाच्या मध्यावर ही गर्दी दाट असते आणि कडेला विरळ होत जाते. कढीपत्ता बारीक चुरून ताकावर भुरभुरावा तसे काहीसे. सेल्युलॉइडमध्ये हेच डाग रंग मिसळून केलेले असतात, त्यामुळे भिंगाखालीही ते रंगाच्या लाटाच राहतात, त्यांचे कण होत नाहीत, आणि पुष्कळदा दोन रंगांची सीमा स्पष्ट आणि वाहत गेल्यासारखी दिसते. ही एकच खूण नीट पाहता आली तर दहापैकी बहुतेक वेळा बाकीच्या परीक्षेची गरज पडत नाही.

शिंगात डाग नसतात, रेषा असतात. शिंग नखाप्रमाणे थराथराने वाढते, म्हणून मागून उजेड धरला की लांबट, एकाच दिशेने जाणारे धागे किंवा पट्टे दिसतात, आणि जुन्या वस्तूच्या कडेला हे थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटू लागलेले असतात. म्हशीचे शिंग बहुधा काळेभोर असते आणि उजेड आरपार सोडत नाही; तेथे कडेचे पापुद्रे हीच खूण धरावी.

आणखी एक खूण कसरीने करून ठेवलेली असते. शिंग आणि कवच दोन्ही नखासारख्याच पदार्थाची असल्यामुळे लोकर खाणाऱ्या किडी त्यांनाही खातात आणि पृष्ठभागावर उथळ, वेड्यावाकड्या खोबणी सोडतात. सेल्युलॉइडला कसर लागत नाही. त्यामुळे कसर लागलेली डबी पाहून हळहळ वाटली तरी तिने आपली ओळख पटवून दिली एवढे समाधान मानावे.

नोटा तपासण्याचा अतिनील दिवा हाताशी असेल तर अंधारात तोही लावून पाहावा : खऱ्या कवचाचा पिवळा, फिकट भाग दुधी निळसर चमकतो आणि गडद भाग काळा राहतो. मात्र स्वस्त दिवे स्वतःच जांभळा उजेड फेकतात आणि तो उजेड चकचकीत पृष्ठभागावरून परतला तरी चमक आल्याचा भास होतो, म्हणून ही परीक्षा भिंगाच्या निर्णयाला दुजोरा देण्यापुरतीच वापरावी.

३. तापलेली सुई टोचून वास घेतला की लगेच कळते असे सांगतात. ती परीक्षा करावी का?

करू नये. सेल्युलॉइड म्हणजे नत्राम्लाने संस्कारित केलेला कापूस आणि कापूर. हे मिश्रण भडकन पेटते आणि विझवायला अवघड जाते. शिंग व कवच पेटत नाहीत, त्यांना जळालेल्या केसांचा वास येतो हे खरे, पण त्यांच्यावर कायमचा डाग पडतो आणि तो नेमका तुम्ही पाहिला तिथेच, म्हणजे दर्शनी जागी, राहतो.

त्याऐवजी अंगठा चालतो. वस्तूच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावर कोरडा अंगठा पंधरावीस सेकंद जोराने घासावा आणि लगेच हुंगावे. देवघरात ओळखीचा झालेला कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. कार्बोलिकचा, म्हणजे जुन्या दवाखान्यातला वास आला तर बॅकेलाइट, जे १९०७ साली लिओ बेकलंड यांनी तयार केले, म्हणून ती वस्तू त्याआधीची असू शकत नाही. गंधकाचा वास आला तर घट्ट केलेले रबर. हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात आहे आणि मूळचे काळे असले तरी उजेडाने हिरवट-तपकिरी पडते. शिंग आणि कवच अंगठ्याच्या उष्णतेला सहसा काहीच वास देत नाहीत.

४. आमच्या ट्रंकेतल्या सगळ्याच वस्तूंना कापराचा वास येतो. मग सगळेच सेल्युलॉइड समजायचे का?

नाही. आपल्याकडे कपड्यांच्या ट्रंकेत कापूर किंवा डांबराच्या गोळ्या टाकण्याची रीत आहे, आणि लाकूड, चामडे, कापडी अस्तर हे सारे तो वास वर्षानुवर्षे धरून ठेवतात. वस्तू ट्रंकेतून काढून, चष्मा असेल तर त्याच्या घरातूनही बाहेर काढून, सावलीत हवेशीर जागी आठ-दहा दिवस राहू द्यावी आणि मग अंगठ्याची परीक्षा करावी. वरवरचा वास तोपर्यंत उडतो; सेल्युलॉइडचा कापूर आतून येत असल्यामुळे घासल्यावर पुन्हा उमटतो. तपकिरीच्या डबीबाबत मात्र ही परीक्षा मुळीच भरवशाची नाही, कारण तंबाखूचा वास बाकी सगळ्यांवर मात करतो. तेथे प्रश्न २ मधल्या भिंगावरच विसंबावे.

५. ही डबी तपकिरीचीच कशावरून? चुन्याची किंवा कुंकवाची नसेल कशावरून?

तपकिरीच्या डबीला दोन गोष्टी सांभाळायच्या असतात : तपकीर कोरडी राहिली पाहिजे आणि शेवटची चिमूटही बोटांना मिळाली पाहिजे. म्हणून तिचे झाकण असामान्य घट्ट बसते, बिजागरी असली तर ती झाकणाच्या रेषेत इतकी लपलेली असते की बोट फिरवताना अडत नाही, आणि आतले कोपरे गोलावलेले असतात. बिजागरीच्या फटीत भिंगाने पाहिले तर तपकिरी भुकटी बहुतेक वेळा सापडते. चुन्याच्या डबीत पांढरा, दगडासारखा घट्ट थर असतो, आणि पितळ असेल तर ते आतून खाल्लेले असते. कुंकवाच्या करंड्यात तांबडा रंग धातूच्या नक्षीत मुरलेला असतो आणि आत मेणाचा कप्पाही असू शकतो.

खरी फसगत होते ती परदेशी काड्यापेटीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेणकाड्या ठेवण्याच्या छोट्या धातूच्या डब्या फार चालत, आणि जुन्या बाजारात त्या आज तपकिरीच्या डब्या म्हणून मिळतात. डबी उलटी करून बुडाशी किंवा कडेला पाहावे. तेथे कानशीसारखा खरबरीत पट्टा असेल तर तो काडी ओढण्यासाठी आहे, आणि डबी तपकिरीची नाही.

६. चष्म्याचा काळ कशावरून ठरवायचा? त्याच्यावर तारीख तर कुठेच नसते.

तारीख नसते, पण चष्म्याचा प्रत्येक भाग कधीतरी कोणीतरी बदललेला असतो, आणि ते बदल ठाऊक असले की चष्मा अमुक सालाच्या आधीचा असू शकत नाही असे सांगता येते. नेमके साल क्वचितच मिळते. त्याची अपेक्षा धरू नये.

आधी काड्या पाहाव्यात. कानावरून जाणाऱ्या काड्या लंडनमध्ये १७३०च्या सुमारास आल्या. त्या सुरुवातीला सरळ असत, टोकाला मोठी चपटी कडी असे आणि त्या कानावर अडकत नसून कपाळाच्या बाजूंना दाबून बसत. कानामागे पूर्ण वळणाऱ्या, तारेसारख्या लवचिक काड्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाल्या. महात्मा गांधींच्या चष्म्याच्या छायाचित्रांमुळे त्या सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्यामुळेच प्रत्येक गोल चष्मा गांधीजींच्या काळातला समजण्याची चूकही होते.

नंतर नाकावरची कमान पाहावी. जुन्या चष्म्याची कमान खोगिरासारखी सरळ नाकावर बसते. धातूच्या फ्रेमला बारीक काडीवर हलणाऱ्या दोन नाकपट्ट्या असतील तर तो चष्मा बहुधा १९२०च्या दशकातला किंवा नंतरचा आहे, मग घरात त्याच्याबद्दल काहीही सांगत असोत.

तिसरी गोष्ट म्हणजे बिजागरीची उंची. जुन्या गोल चष्म्यात काडी काचेच्या बरोबर मध्यावर जोडलेली असते. १९३० साली अमेरिकन ऑप्टिकल कंपनीने काडी वरच्या बाजूला जोडलेला नमुना आणला, म्हणजे बाजूला पाहताना ती नजरेच्या आड येत नाही, आणि पुढे जवळजवळ सर्वांनी तोच मार्ग धरला. बिजागरी वर असेल तर चष्मा १९३० नंतरचा मानावा. मध्यावर असेल तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण जुना नमुना पुढेही बनत राहिला.

शेवटी काच. नखाने टिचकी मारली असता काच खणखणते आणि ओठाला गार लागते. प्लास्टिकची बद्द वाजते. प्लास्टिकची चष्म्याची भिंगे बहुधा १९४७ नंतरची. दुहेरी नंबराची काच असेल तर तिच्या जोडावर नख फिरवावे. दोन अर्धे तुकडे आडव्या रेषेत जोडून बसवलेली काच ही बेंजामिन फ्रँकलिन यांच्या अठराव्या शतकातल्या कल्पनेनुसारची. तिच्यात रेष दिसते आणि लागतेही. वाचायचा भाग चंद्रकोरीसारखा चमकतो पण नखाला लागत नाही, अशी वितळवून एकजीव केलेली काच १९०८ पासून पुढची. एवढे ध्यानात ठेवावे की काच फ्रेमपेक्षा नवी असू शकते, कारण नंबर बदलला की काच बदलते आणि फ्रेम तीच राहते.

७. आमच्याकडच्या चाळिशीबद्दल "खंडेरावमहाराजांच्या वेळची" असे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे कसे तपासायचे?

हा प्रश्न दांडिया बजारातल्या एका घरातून आला होता आणि वस्तू प्रत्यक्ष पाहायला मिळाल्या, म्हणून तो सविस्तर देत आहे. एका ट्रंकेत डबी, काठी आणि चाळिशी अशा तीन वस्तू होत्या. सोबत मोडीत लिहिलेली, शके १८४६ ची यादी होती आणि तिच्यात तिन्हींपुढे "कचकडी" असे विशेषण होते. त्या घरच्या काकूंचे म्हणणे असे की त्यांच्या यजमानांचे खापरपणजोबा खंडेराव गायकवाडांच्या दरबारी होते आणि तिन्ही वस्तू त्यांच्या अंगावरच्या.

खंडेराव १८५६ ते १८७० या काळात गादीवर होते. चाळिशीची फ्रेम गोल, जाड आणि पिवळ्या-तपकिरी रंगाची होती. मागून दिवा धरल्यावर डाग फुटले नाहीत. रंगाच्या लाटा तशाच राहिल्या. काडीच्या आत, लांबीभर, एक बारीक धातूची तार दिसत होती. ही तार गरम करून मऊ केलेल्या कृत्रिम पदार्थात बळकटीसाठी घुसवतात. नैसर्गिक कवचाच्या काडीत ती सहसा नसते. बिजागरीभोवती हिरवी बुरशीसारखी पूड जमली होती. पंधरा सेकंद घासल्यावर कापराचा वास आला, आणि चष्मा आठवडाभर बाहेर ठेवून पुन्हा घासला तेव्हाही आला. म्हणजे सेल्युलॉइड.

आता तारखा जुळवून पाहाव्यात. जॉन वेस्ली हायट यांना अमेरिकेत सेल्युलॉइडचे पेटंट मिळाले १८७० सालच्या जुलैमध्ये, आणि खंडेराव वारले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. या चार महिन्यांत तो पदार्थ चष्म्याच्या फ्रेमपर्यंत आणि ती फ्रेम बडोद्यापर्यंत पोहोचणे शक्य नाही. काच पाहिली तर वाचायचा भाग नखाला न लागणारा, म्हणजे १९०८ नंतरचा. दुसऱ्या बाजूने मर्यादा यादीने घातली : शके १८४६ म्हणजे १९२४-२५, आणि यादीतली चाळिशी हीच असेल तर ती तोपर्यंत घरात आली होती. काच मूळची धरली तर चष्मा १९०८ ते १९२५ यांच्या मधला ठरतो, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळातला. जाड, गोल, कवचासारख्या फ्रेमची टूमही याच सुमारची; मूकपटांतला नट हॅरॉल्ड लॉइड १९१७ पासून तसला चष्मा लावून पडद्यावर येऊ लागला आणि ती टूम आणखी पसरली.

डबीचे झाकण मात्र खऱ्या कवचाचे निघाले. डाग भिंगाखाली नीट फुटले आणि एका कोपऱ्यात कसरीची खोबण होती. ती खंडेरावांच्या वेळची असू शकते. तशीच ती त्याआधीची किंवा नंतरचीही असू शकते, कारण कवचाला जन्मतारीख नाही. या डबीबाबत घरची आठवण हाच एकमेव पुरावा उरतो, आणि तो पुरावा म्हणूनच नोंदवावा, सिद्धांत म्हणून नव्हे. काकूंना चाळिशीचा निकाल फारसा रुचला नाही, हे समजण्यासारखे आहे.

८. काठीच्या चांदीच्या कड्यावर "१९५५" कोरले आहे. म्हणजे काठी फक्त सत्तर वर्षांची का?

वरच्या ट्रंकेतलीच ही काठी. बडोद्यात कोरलेल्या सालाला तीन अर्थ असू शकतात, आणि हे या शहराचे खास दुखणे आहे. मराठी कारकुनी घर शके लिहीत असे, गुजराती सोनार विक्रम संवत कोरीत असे, आणि इंग्रजी वळणाचा माणूस इसवी सन. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, चैत्राआधीच्या महिन्यांत ७९. गुजराती संवत दिवाळीनंतर बदलतो, म्हणून त्यातून दिवाळी ते डिसेंबरअखेर ५७ आणि पुढे ५६ वजा करावे. शके १९५५ म्हणजे २०३३, तो अर्थ बाद. राहिले दोन : इसवी १९५५, किंवा संवत १९५५ म्हणजे १८९८-९९.

येथे यादीनेच निकाल दिला, कारण काठी १९२४-२५ च्या यादीत आहे आणि मूठ, कडे, काठी यांचे वर्णनही जुळते. यादी नसती तर आकड्यांच्या वळणाकडे पाहावे लागले असते : गुजराती नऊ आणि पाच देवनागरीपेक्षा वेगळे निघतात, आणि गुजराती वळण दिसले तर संवताची शक्यता बरीच वाढते. आकड्याआधी "सं." किंवा "श." अक्षर घासून पुसट झालेले असते, तेही तिरप्या उजेडात शोधावे. मूठ म्हशीच्या शिंगाची होती, कडेचे पापुद्रे स्पष्ट होते.

चांदीच्या वस्तूवर विलायती शिक्के असतील तर काम सोपे होते. राजा किंवा राणीच्या डोक्याचा छोटा शिक्का इंग्लंडमध्ये कराची खूण म्हणून १७८४ ते १८९० पर्यंत मारला जाई. "मेड इन जर्मनी" अशी अक्षरे मात्र १८८७ नंतरची. त्या साली ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालायला लावले.

९. काठीची मूठ पांढरी आहे. हस्तिदंत की हाड?

मूठ जिथे आडवी कापलेली दिसते तो भाग, म्हणजे बहुधा टोक किंवा कड्याच्या आतली बाजू, भिंगाने पाहावा. हस्तिदंतात दोन दिशांनी जाणाऱ्या वक्र रेषा एकमेकींना छेदून चटईच्या विणीसारखी जाळी करतात. हाडात ती जाळी नसते. त्याऐवजी बारीक काळपट ठिपके किंवा छोट्या फटी दिसतात, कारण हाडातून रक्तवाहिन्या जातात आणि त्यांच्या पोकळीत मळ बसतो. सेल्युलॉइडचे नकली हस्तिदंतही पुष्कळ आहे. त्यात रेषा असतात, पण त्या एकाच दिशेच्या, समांतर आणि शिस्तशीर असतात, आणि वळून एकमेकींना छेदत नाहीत. खरे निघाले तर प्रश्न ११ आधी वाचावा.

१०. चष्म्याची फ्रेम चिकट झाली आहे, तडे गेले आहेत आणि बिजागरीवर हिरवे साचले आहे. साफ कशी करावी?

हे सेल्युलॉइडचे दुखणे आहे आणि ते साफसफाईने बरे होत नाही. पदार्थ विघटू लागला की त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ सुटते, तीच बिजागरीतल्या तांब्याला हिरवे करते, आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या सेल्युलॉइडलाही तोच रोग लावते. म्हणून अशी वस्तू तिच्या बंद, घट्ट घरात ठेवू नये. वाफ कोंडली की विघटन वेगाने वाढते. बाकीच्या वस्तूंपासून वेगळी, थंड, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी, उघड्या कागदी खोक्यात ठेवावी. देवघराजवळ किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर मुळीच नाही. हिरवी पूड कोरड्या मऊ ब्रशने झटकावी. पाणी, स्पिरिट, तेल काहीही लावू नये.

स्पिरिटची सूचना काठ्यांनाही लागू आहे. संखेड्याच्या चरकावरल्या रंगीत काठ्यांवर लाखेचा थर असतो आणि स्पिरिटने लाख विरघळते. एका गृहस्थांनी आजोबांची काठी लख्ख करण्यासाठी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि दोन मिनिटांत केशरी रंग बोळ्यावर आला.

११. यांतले काही विकता येईल का? पुण्याच्या मुलाकडे पाठवता येईल का?

शिंग गाईम्हशीचे असेल, किंवा वस्तू सेल्युलॉइडची असेल, तर वन्यजीव कायद्याची अडचण नाही. कासवाचे कवच आणि हस्तिदंत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि वस्तू कितीही जुनी असली तरी तिची विक्री करता येत नाही. वारसाने ती घरात राहू शकते, पण मालकीचा दाखला असावा लागतो, आणि दाखला असलेली वस्तू दुसऱ्या राज्यात नेली तर तीस दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावे लागते. गुजरातेतून महाराष्ट्रात जाणे म्हणजे दुसरे राज्यच. दाखलाच नसेल तर पुढे काय, हे वन खात्याच्या कार्यालयात विचारूनच ठरवावे. सांबरशिंगाच्या मुठीलाही हाच कायदा लागतो. सांबरशिंग भरीव असून आत सच्छिद्र असते, तर म्हशीचे शिंग मुळाशी पोकळ.

परदेशी पाठवायचे असेल तर १९७२ चाच पुरावस्तूंचा कायदा मध्ये येतो, कारण शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. काठीची मूठ फिरवल्यावर आतून पाते निघाले तर ती गुप्ती आहे, आणि काठीतल्या तलवारीचा शस्त्र नियमांच्या यादीत नावानिशी उल्लेख आहे. ती प्रवासात बरोबर घेऊ नये.

१२. चष्म्याच्या घरावर दुकानाचा पत्ता छापला आहे. त्यावरून काळ ठरेल का?

घराचा ठरेल, चष्म्याचा नाही; घरे सर्रास अदलाबदल होतात. चष्मा घरात नीट बसतो का आणि अस्तरावर त्याच्याच आकाराचा दाब उमटला आहे का, हे आधी पाहावे. दाब जुळला तर पत्ता कामाचा. इंग्रजीत "बरोडा स्टेट" असेल तर १९४९ च्या विलीनीकरणाआधीचा, सहा आकडी पिन कोड असेल तर १९७२ नंतरचा, आणि इंग्रजीत "वडोदरा" असेल तर बहुधा १९७४ नंतरचा, कारण अधिकृत नाव त्या साली बदलले. फक्त इंग्रजी अक्षरांनाच हा नियम लावावा. गुजरातीत शहराला पूर्वीही वडोदराच म्हणत, आणि आपण मराठी माणसे आजही बडोदेच म्हणतो.

१३. माझ्या चष्म्याची समोरची फ्रेम कवचाची वाटते, पण काड्यांना कापराचा वास येतो. असे कसे?

दुरुस्ती झालेली आहे. काड्या सर्वांत आधी मोडतात, आणि सेल्युलॉइड स्वस्त झाल्यावर कवचाच्या फ्रेमला सेल्युलॉइडच्या काड्या बसवणे सोपे होते. बिजागरीचे खिळे पाहावेत. समोरच्या बाजूला बुजवलेली जुनी भोके आणि शेजारी नवी भोके दिसली तर काड्या मागाहूनच्या आहेत. अशा वेळी एका चष्म्याला दोन काळ असतात आणि नोंद करताना दोन्ही वेगवेगळे लिहावेत : समोरची फ्रेम कवचाची, काळ अनिश्चित, काड्या सेल्युलॉइडच्या, १८७० नंतरच्या. प्रश्न १० मधली हिरवी पूड सेल्युलॉइडच्या बाजूने येते, कवचाच्या नव्हे, म्हणून काड्या अलग करता येत असतील तर चष्मेवाल्याकडून स्क्रू काढवून त्या वेगळ्या कागदी पाकिटात ठेवाव्यात आणि पाकिटावर ते कोणत्या चष्म्याचे आहे हे पेन्सिलीने लिहावे.